मुलीचा स्कोअर आणि बाबांच्या रात्रीच्या बैठका

"सर, मुलगी बीकॉम, दीड वर्ष सीएच्या ऑफिसात आहे. पीथमपूरच्या एका फॅक्टरीत अकाउंट्ससाठी अर्ज करायचाय. फुकटच्या रिझ्युमे चेकरवर स्कोअर 58 आला. 75 च्या खाली असला तर कंपनीचा कॉम्प्युटरच बाहेर काढतो म्हणतात. रोज रात्री तिला बसवून मी तो 91 वर नेला, पण आता ती माझ्याशी बोलत नाही. 100 करायला पैसे भरून पॅकेज घेऊ का? दोन्ही रिझ्युमे आणि जाहिरात सोबत पाठवतोय." (एक वडील, सुदामा नगर, इंदूर)

काका, मला काळजी वाटली ती तुमच्या रात्रीच्या बैठकांची. दिवसभर राबून आलेल्या पोरीला तुम्ही परत परीक्षेला बसवताय, आणि पेपर तपासतंय कोण तर एक वेबसाईट, जिला ती ऑफिसात काय करते ते माहीतच नाही!

33 मार्क वाढले कशाने ते बघा. जाहिरातीतले सॅप आणि जीएसटी रिकन्सिलिएशन हे शब्द तुम्ही स्किल्समध्ये टाकलेत, बाकी फारसं काही बदललेलं नाही. असले चेकर मुख्यतः जाहिरातीतले किती शब्द रिझ्युमेत सापडले तेच मोजतात, शिवाय फोन, ईमेल, शिक्षण अशी हेडिंगं आहेत का आणि फाईलमधला मजकूर वाचता येतो का. खात्री करायची तर तीच जाहिरात वर नाव-फोन घालून रिझ्युमे म्हणून अपलोड करा, बहुतेक मुलीपेक्षा जास्त मार्क मिळतील.

आता तिने मूळ रिझ्युमेत लिहिलंय "जीएसटीचं सगळं काम". त्यात दर महिन्याला सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांचं GSTR-2B आणि क्लायंटचं परचेस रजिस्टर जुळवणं, कुठल्या सप्लायरने बिल दाखवलं नाही ते शोधून त्याच्या मागे लागणं हे येत असेल तर तेच रिकन्सिलिएशन, म्हणून तो शब्द नोकरीखाली या वाक्यासकट हवाच. पण सॅप तिने कधी उघडलंय का? मूळ रिझ्युमेत तर फक्त टॅली आहे. चेकर दोन्ही शब्दांना सारखाच खूष होतो, इंटरव्ह्यूवाला मात्र विचारणार की व्हेंडरचं बिल सॅपमध्ये कसं टाकतेस, तेव्हा ती काय सांगेल?

आणि 75 ची भीती. कंपनीला हा आकडा दिसतच नाही, प्रत्येक चेकरचं गणित वेगळं, एकच रिझ्युमे एकाकडे 60 तर दुसऱ्याकडे 80 येऊ शकतो. काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर अर्जांचा क्रम लावतं, पण तो स्वतःच्या पद्धतीने. अर्ज आपोआप कटतो तो बहुतेकदा फॉर्ममधल्या प्रश्नांवर, म्हणजे अनुभव किती, नोटीस पिरियड किती, पीथमपूरला यायची तयारी आहे का. बाकी रिक्रूटर शब्द टाकून शोधतो आणि वाचतो. पण चेकरच्या पानावर लाल अक्षरात स्कोअर आणि शेजारी पॅकेजचं बटण, हे दुकान कोणाच्या फायद्याचं ते तुम्हीच ओळखा.

चेकरची एकच तक्रार ऐका, मजकूर वाचता येत नाही ही. ती फुकटात तपासता येते: पीडीएफ उघडून Ctrl+A, Ctrl+C, मग नोटपॅडमध्ये पेस्ट. तुमच्या दोन कॉलमच्या डिझाईनमध्ये टॅलीच्या ओळीत मध्येच कॉलेजचं नाव घुसतंय, मी करून बघितलं. एक कॉलम करा.

पॅकेज घेऊ नका, सॅप काढा, आणि रिझ्युमेची फाईल तिच्याकडेच राहू द्या.