चवथीला येऊ नकोस

बाबू,

परवा रात्री तुझा फोन आला, तेव्हा मी जास्त बोललो नाही. आमची ही बाजूलाच होती. म्हणून आता लिहितो.

'पोचलो की पहिले दोन दिवस बायको परक्यासारखी वागते,' म्हणालास. परकी ती नाही रे, परका तू असतोस. अकरा महिने ती खाटेच्या मधोमध एकटी झोपते. तिथे एका रात्रीत तू कुशीवर वळून हात टाकणार आणि तिने लगेच विरघळावं? मन मोबाईलवर जागं राहतं, अंगाला वेळ लागतो. पहिल्या रात्री काही मागू नकोस. नुसता हात धरून झोप.

१९९४ साली मी कुवेतहून चवथीला आलो. बॅगा ओसरीवरच उघडल्या, अत्तरं-साबण वाटले. घरात माणसं मावत नव्हती, बायका सगळ्या आतल्या खोलीत. माटोळी बांधायला मी, नैवेद्याला तुझी काकू. चौथ्या रात्री खोली मिळाली, मी जवळ गेलो, ती आखडली. मी पाठ फिरवली ती दहा दिवस. सूर जुळला तेव्हा सुटीतले आठ दिवस उरले होते. त्यातही शेवटचे तीन दिवस भांडणात गेले, म्हणे मी नारळवाल्याला जास्त पैसे दिले! जायच्या आधी असंच होतं. निरोप सोपा जावा म्हणून माणूस आधीच चिडून घेतो. मला हे फार उशिरा कळलं.

म्हणून सांगतो, आधी तिच्याकडे ये. चवथीला येऊच नकोस. यायचंच असेल तर आठ दिवस आधी ये आणि दोन रात्री दोघंच कुठेतरी काढा. आई रुसेल, रुसू दे. सुटीचा अर्ज द्यायच्या आधी बायकोला पाळीची तारीख विचार. मूल हवंय ना? मग पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधीचा आठवडा तू घरी असायला हवास. नाहीतर सुटी संपल्यावर 'या खेपेलाही नाही?' हे लोक तिलाच विचारतात, तुला नाही.

आणि तो स्पीकर बंद कर. कुवेतमध्ये रात्रीचे नऊ म्हणजे इथे साडेअकरा. ती पेंगत असते, बाजूला तुझी आई, आणि तू विचारतोस, 'जेवलीस?' त्यापेक्षा शुक्रवारी तुझी सुटी असते, तेव्हा दुपारी फोन कर, तिचं दार बंद असताना. आठवण अंगालाही येते, हे तोंडाने बोल. लाज वाटते? मलाही वाटायची. आम्ही कॅसेट भरून पाठवायचो, त्यात गॅस सिलिंडर आणि फीचे हिशोब. एकदा शेवटी तिचा नुसता श्वास ऐकू आला, बोलायचं राहून गेल्यासारखा. मी ती बाजू पुन्हा पुन्हा लावली, पण पत्रात तिला विचारलं नाही. पैसे मात्र दर महिन्याला वेळेवर धाडले. घराचा स्लॅब त्यातूनच पडला, हे कुणी नाकारत नाही.

आधी तिच्याकडे ये. विमानतळावर सगळी वाडी गोळा करू नकोस, तिला एकटीलाच बोलाव. आईला मी समजावतो.

तुझा,
काका