क्लासच्या प्रवेशाच्या पेजवर एकच बटण ठेवा

"जाहिरातीवर क्लिक भरपूर येतात, पण चौकशीला कोणी येत नाही. पेजवर सगळी माहिती दिली आहे. अजून काय टाकू?"

सर, आणखी काही टाकू नका, असलेलं काढा. तीन वर्षांपूर्वी माझ्या अकरावी सायन्सच्या बॅचचं अगदी हेच झालं होतं.

पेज एका एजन्सीने बनवलं होतं. त्यावर फोन, व्हॉट्सअ‍ॅप, फॉर्म, यूट्यूब आणि 'माहितीपत्रक डाउनलोड करा' अशी पाच बटणं होती. रिपोर्टमध्ये आकडे छान दिसायचे, कारण डाउनलोडही 'लीड' म्हणून मोजली जात होती. त्यामुळे जाहिरातही फुकट डाउनलोड करणाऱ्यांनाच शोधून दाखवत राहिली. पंधरा दिवसांत शंभरावर डाउनलोड झाले आणि क्लासची पायरी चढले चार पालक. विचारलं तर एजन्सीचं एकच उत्तर, "बजेट वाढवा." निकालानंतरचे ते दोन आठवडे हातचे गेले, याचा राग अजून आहे.

मग मी एकच काम ठेवलं: रविवारच्या डेमो लेक्चरला जागा राखणं. प्रवेश घ्या म्हटलं की पालक बिचकतात, डेमोला पोराला घेऊन येतात. बटणावर 'संपर्क करा' ऐवजी 'रविवारच्या डेमोला जागा राखा' लिहिलं. दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं आणि मेसेज आधीच लिहिलेला असतो; पालकाने फक्त नाव घालायचं. लिंक अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Demo%20Ravivar%20Naav:
```

नंबरच्या आधी + किंवा 0 नको. सगळे मेसेज 'Demo Ravivar' ने सुरू होतात, म्हणून किती आले ते स्वतः मोजता येतं, रिपोर्टची वाट बघावी लागत नाही.

बटण पहिल्याच स्क्रीनवर हवं, आणि तेच पुन्हा शेवटी. मधे एवढंच: बॅचची वेळ, शिकवणार कोण, एका बॅचमध्ये मुलं किती, आणि फी. फी लपवू नका. एका आईने मला सरळ विचारलं होतं, "फी लिहिलेली नाही, म्हणजे जास्तच असणार ना?" जाहिरातीत जे वाक्य आहे तेच पेजच्या मथळ्यात ठेवा, नाहीतर चुकीच्या पानावर आलो असं वाटून पालक परत फिरतात. वरचा मेनूही काढा.

टॉपर्सचे फोटो लावणार असाल तर जपून. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थ्याची लेखी संमती लागते, तीही त्याची निवड झाल्यानंतर घेतलेली. निवडीची किंवा गुणांची हमी देणारी वाक्यंही चालत नाहीत. मी वकील नाही, मूळ सूचना एकदा वाचून घ्या.

हा अनुभव तालुक्याच्या गावातला आहे. पुण्या-मुंबईत फॉर्म जास्त चालत असेलही. पण फॉर्म ठेवलात तर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण काढा, आणि मेसेज आला की दहा मिनिटांत उत्तर द्यायला माणूस बसवा. आमच्याकडे संध्याकाळी सात ते दहा हे काम माझी बायको करते, कारण बहुतेक पालक तेव्हाच लिहितात.