घुबड वेगळं, पिंगळा वेगळा

प्रश्न: इंग्रजीत घुबड म्हणजे शहाणपणाचं चिन्ह आणि आपल्याकडे मात्र ती शिवी. एकाच पक्ष्याबद्दल इतका टोकाचा फरक कसा काय?

मी शहाद्याकडचा, आणि या प्रश्नाचं निम्मं उत्तर आमच्या तालुक्यातच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पक्षी एकच आहे असं आपण धरतो, इथेच घोळ आहे. लहानपणी कुणाकडे टक लावून पाहिलं की घरातून अहिराणीत हाक यायची, "काय घुबडना मायक देखी ऱ्हायना रे?" पण अंगणातल्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायची, आणि त्यांचं नाव घेऊन कुणी कधी कुणाला हिणवलेलं मला आठवत नाही. 'पिंगळ्या' अशी शिवी तुम्ही तरी ऐकली आहे का? उलट पहाटे कंदील घेऊन दारी येणाऱ्या आणि कुडमुडं वाजवत भविष्य सांगणाऱ्या माणसालाच आपण पिंगळा म्हणतो. पिंगळ्याची भाषा त्याला कळते असा समज आहे. म्हणजे लहान पक्षी पुढचं जाणणारा, मोठा पक्षी अशुभ. दोघांना इंग्रजीत शब्द मात्र एकच.

आपलं 'घुबड' म्हणजे मुख्यतः शृंगी घुबड. कानांसारखे पिसांचे दोन तुरे, नारिंगी डोळे, नदीच्या दरडीत किंवा पडक्या विहिरीत मुक्काम. रात्री त्याचा खोल, घुमणारा आवाज पार लांबपर्यंत येतो. आजी सांगायची, घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड उचलून पाण्यात नेतं आणि घासत बसतं. दगड जसजसा झिजतो तसतसा मारणारा झिजत जातो. आवाज ऐकू येतो, पक्षी दिसत नाही, आणि ऐकू येतो तोही घरात कुणी आजारी असलं म्हणून जागे राहिलेल्यांना. भीती तिथून येते.

आता प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्समध्ये काय होतं ते पाहा. बुद्धीची देवी अथेना, तिचा पक्षी म्हणजे एवढंसं छोटं घुबड, शास्त्रीय नाव अथेनी नॉक्टुआ. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला देवीचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला हा पक्षी असायचा. त्याच नाण्याचं चित्र आज ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर आहे. खडकांच्या फटीत आणि इमारतींच्या भिंतीत राहणारा, संध्याकाळी उजेड असतानाच बाहेर येऊन बसणारा हा पक्षी लोकांना रोज दिसत असे. देवीचं जुनं विशेषण 'ग्लाउकोपिस', म्हणजे चमकत्या डोळ्यांची, आणि या पक्ष्याचं ग्रीक नाव 'ग्लाउक्स'. दोन्ही शब्द एकाच कुळातले वाटतात. मोठ्या शिंगवाल्या घुबडाला ग्रीकमध्ये वेगळाच शब्द होता.

गंमत अशी की आपल्या चिंचेवरच्या पिंगळ्याचं शास्त्रीय नाव अथेनी ब्रामा. अथेनाच्या पक्ष्याचा तो सख्खा भाऊ! अथेन्सने ज्या कुळातल्या पक्ष्याला नाण्यावर बसवलं, त्याच कुळातल्या पक्ष्याला मराठी माणसाने ज्योतिषी केलं. आणि मोठ्या घुबडाला आपण जसे घाबरतो तसेच रोमन लोकही घाबरत. ते घुबड रोममधल्या मंदिरात शिरलं म्हणून अख्ख्या शहराची शुद्धी केली होती, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं आहे. त्यामुळे 'पश्चिमेत शहाणं, आपल्याकडे अशुभ' ही वाटणी मला पटत नाही. खरी वाटणी लहान आणि मोठ्या पक्ष्यात आहे. भाषांतर करताना ती पुसली जाते. शाळेच्या पुस्तकात चष्मा घातलेलं घुबड छापलं जातं, तेव्हा अथेनाच्या छोट्या पक्ष्याचा मान शृंगी घुबडाच्या नावावर चढतो आणि मुलं गोंधळतात.

बंगालमध्ये तिसराच पक्षी आहे. पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याचं गव्हाणी घुबड. त्याला तिथे लक्ष्मीपेंचा म्हणतात, ते लक्ष्मीचं वाहन, घराजवळ आलं तर लोकांना आनंद होतो. धान्याच्या कोठाराभोवती उंदीर मारत फिरणारा पक्षी लक्ष्मीबरोबर येणं मला अगदी साहजिक वाटतं.

तरी या वाटणीने सगळं सुटत नाही. हिंदीतला 'उल्लू' म्हणजे मूर्ख, हा अर्थ भीतीतून आलेला नाही. तो दिवसा पाहिलेल्या घुबडातून आला असावा, असं मला वाटतं. दिवसा झाडावर बसलेलं घुबड कावळ्यांना दिसलं की ते दहा-वीस मिळून त्याच्यावर तुटून पडतात, टोचतात, आरडाओरडा करतात. आणि ते डोळे मिचकावत बसून राहतं. पाहणाऱ्याला ते बावळटच दिसणार. पंचतंत्रातलं काकोलूकीय याच दृश्यावर उभं आहे. पक्षी घुबडाला राजा करायला निघतात तेव्हा कावळा म्हणतो, राग नसताना याचा चेहरा असा, मग रागावल्यावर कसा असेल? शेवटी कावळे जिंकतात तेही दिवसा, घुबडांना दिसत नसताना. गोष्ट कावळ्याच्या बाजूची आहे हे विसरू नका. त्याच संस्कृतात वैशेषिक दर्शनाला 'औलूक्य दर्शन' असंही नाव आहे, कारण त्याचे प्रवर्तक कणाद मुनी यांना उलूक म्हणत. एकाच शब्दातून तत्त्वज्ञाचं नावही आलं आणि मूर्खाची शिवीही.

मराठीत घुबडाला आणखी एक शब्द आहे, दिवाभीत. दिवसाला भिणारा. तोंड लपवून बसणाऱ्याला आपण 'दिवाभीतासारखा' म्हणतो. शृंगी घुबडाला हा शब्द बराचसा लागू पडतो. पण आमच्या सातपुड्यात त्याला खोटं पाडणारा पक्षी आहे, रानपिंगळा. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती, तो संपला असं धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो पुन्हा सापडला, तोही शहाद्याजवळच्या जंगलात. तब्बल ११३ वर्षांनी. सापडला भर दिवसा, कारण हा पक्षी मुख्यतः दिवसा वावरतो.

मी त्याला तोरणमाळच्या वाटेवर पाहिलं. सकाळचे दहा वाजले असतील, सागाची पानं गळून गेली होती आणि तो उघड्या फांदीवर उन्हात बसला होता. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं आणि मोठं. पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. शेपटी डावी-उजवीकडे झटकत खाली जमिनीकडे पाहत होता. मग एकदम झेप घेऊन पाचोळ्यातला सरडा उचलला आणि पुन्हा त्याच फांदीवर, आमच्याकडे तोंड करून बसला. माझ्याबरोबरचा पावरा आदिवासी पोरगा त्याला 'दिवाभीत' म्हणतात का विचारत होता. मी म्हटलं, हा नाही रे, याला ते नाव कुणी दिलेलं नाही.