ओळख जरा उशिरा पटू दे

विजय आणि सुऱ्या चाळीस वर्षांनी रेल्वेच्या फलाटावर भेटतात, त्या तुझ्या शॉर्ट फिल्मच्या मसुद्यात पहिल्याच पानावर "अरे, तू सुऱ्या ना?" येतं आणि फिल्म तिथेच संपते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तुझी पाच पानं आहेत, तर तिसऱ्या पानापर्यंत फक्त विजयला कळू दे. सुऱ्या मोबाईलमध्ये गुंतलेला असू दे.

चेहऱ्यावरून ओळख पटवू नकोस, चाळीस वर्षांत तो पार बदलतो. सवय टिकते. सुऱ्या तिकिटाची घडी करून घड्याळाच्या पट्ट्याखाली खोचतो, हे आधी नुसतं दिसू दे. विजयची नजर मनगटावर जाईल ती नंतर.

ठाण्याचा फलाट मात्र बदल. ट्रान्स-हार्बरची गाडी तिथूनच सुटते, काही मिनिटं उभी असते, त्यामुळे घाई खोटी वाटते. ऐरोली घे, तिथे गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. संवाद मोठ्याने वाचून वेळ मोज. तेवढ्यात चार-पाच छोटी वाक्यंच मावतात. म्हणून बायको-मुलांची चौकशी सरळ काढून टाक. सुऱ्या दारात, विजय खाली, आणि एकच ओळ ठेव: "अजून तिकीट तिथेच?"