दर रविवारी स्प्रे, रोज झाडू, तरी पोराला दम का लागतो?

"मॅडम, मुलगा ७ वर्षांचा आहे. रात्री दोन-तीनला खोकत उठतो, छातीत शिट्टी वाजते. आखाजीला माहेरी चोपड्याकडे गेलो तर तिथे एकदाही खोकला नाही, भुसावळला आलो की परत सुरू. टेस्टमध्ये झुरळाची ॲलर्जी निघाली. मी दर रविवारी स्प्रे मारते, रोज घर झाडते, मग हे थांबत का नाही? आणि तो पंप आता आयुष्यभर लागेल का?"

ताई, झुरळ मेलं तरी त्याचा त्रास घरात तसाच राहतो, सगळी गोम इथंच आहे. ॲलर्जी होते ती झुरळाच्या विष्ठेतल्या, लाळेतल्या, टाकलेल्या कातीतल्या आणि मेलेल्या अंगाच्या चुऱ्यातल्या प्रोटीनची. हे सगळं सुकतं, बारीक होतं आणि धुळीत मिसळून फटीत, गादीत, उशीत जाऊन बसतं. स्प्रेने चार झुरळं उताणी पडली म्हणजे वर्षभराचा साठलेला चुरा गेला असं होत नाही, तो तसाच पडून असतो आणि सकाळी कोरडा झाडू मारला की उडतो. हे कण तसे जड असतात, थोड्या वेळात परत खाली बसतात, त्यामुळे महागडा एअर प्युरिफायर घेऊन यात फार काही हाती लागत नाही. खरा प्रश्न असतो तो पोरगं जिथे तोंड टेकवून आठ-नऊ तास झोपतं तिथे काय साठलंय याचा.

हे कुटुंब भुसावळचं, भाड्याच्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि पुढच्या खोलीत टीव्ही, कूलर आणि रात्री सगळ्यांच्या गाद्या. पहिल्या भेटीत आजी पण आल्या होत्या आणि त्यांना रागच आला होता. "झुरयं कोनाच्या घरात नसतात वो मॅडम, त्यानं काय दमा व्हतो?" सुनेचा चेहरा उतरलेला, कारण झुरळाचं नाव काढलं की आपण घाण राहतो असा अर्थ निघतो. मी सांगितलं की अहो आजी, स्वच्छ घरात पण झुरळ टिकतं, त्याला ओलावा, ऊब आणि लपायला फट एवढं मिळालं की झालं, खायला ओट्याखाली सांडलेला तेलाचा थेंब पण पुरतो. आणि तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबरच आहे, झुरळं भरपूर घरांत असतात पण दमा सगळ्या पोरांना होत नाही. अमेरिकेत मोठ्या शहरांमधल्या ८ भागांतल्या दमेकरी मुलांचा एक मोठा अभ्यास १९९७ मध्ये छापून आला, त्यात ज्या मुलांना झुरळाची ॲलर्जी पण होती आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीतल्या धुळीत हे प्रोटीन पण जास्त होतं, तीच मुलं दम्यासाठी जास्त वेळा दवाखान्यात ॲडमिट झालेली दिसली. नुसती टेस्ट पॉझिटिव्ह किंवा नुसती घरात झुरळं, एवढ्याने तसं झालं नाही. म्हणजे पोराची ॲलर्जी आपल्या हातात नसली तरी दुसरी बाजू आहे, ती आपण कमी करू शकतो.

मग पहिलं काम सांगितलं ते स्प्रे बंद करायचं. ताईंना ते पटेना, "मग तर सुळसुळाट होईल". पण स्प्रेचा वास दमेकरी पोराच्या छातीला स्वतःच झोंबतो, आणि उघड्यावर दिसलेलं झुरळ मरतं तर फटीतली बाकीची फौज तशीच राहते. घरातल्या छोट्या झुरळाची मादी अंड्यांची डबी पिल्लं निघायला येईपर्यंत अंगाला लावूनच फिरते, एका डबीत ३० ते ४० अंडी, आणि त्या डबीच्या आत स्प्रे नीट पोचतच नाही. तुमचा रविवार होतो, आठवड्यात नवीन पिल्लं बाहेर. खडूच्या रेघांचं पण तेच, वर ती पावडर रांगणाऱ्या पोरांच्या हाताला लागते ते वेगळंच.

दुसरं काम, झुरळं नक्की राहतात कुठे ते शोधायचं. अंदाजाने नाही, ट्रॅप लावून. दुकानात चिकट कार्ड मिळतात ती घ्या, नाहीतर लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या, आतल्या काठाला बोटभर पेट्रोलियम जेली फासा, तळाला केळाचा तुकडा टाका, बाहेरून चढायला कागदी टेप चिकटवा. ट्रॅप नेहमी भिंतीला चिकटून ठेवायचा, झुरळ मोकळ्यात चालत नाही, कडेकडेने चालतं. ताईंनी कार्डांवर जागा आणि तारीख लिहून ती लावली आणि तीन रात्रींनी फोटो पाठवले. फ्रिजच्या मागे १९, सिंकखाली ६, मोरीजवळ एकच पण मोठं तपकिरी. आणि सगळ्यांना धक्का बसला तो टीव्हीच्या फळीवरच्या कार्डाने, १४ झुरळं आणि त्यातली बहुतेक इवलीशी पिल्लं! पोराच्या उशीपासून ती फळी हातभर पण लांब नव्हती.

आता हे वाचायचं कसं ते बघा. मोरीतलं मोठं तपकिरी झुरळ बहुतेक गटारातून येतं, त्याला जाळी लावली आणि रात्री झाकण ठेवलं की बरंचसं काम होतं. फिकट रंगाची छोटी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली जी असतात ती घरातच जन्मतात आणि घरातच मरतात, खरा ताप त्यांचा. आणि पिल्लं जिथे जास्त सापडतात तिथे घरटं जवळच असतं कारण पिल्लं लांब जात नाहीत. सेटटॉप बॉक्स दिवसरात्र चालू, म्हणून गरम. खाली कूलर, त्याच्या टाकीत पाणी. जेवण टीव्हीसमोर गादीवर बसून, शेवभाजीत बुडवलेल्या भाकरीचे तुकडे गादीच्या कडेला. ऊब, पाणी, खाणं सगळं एका जागी. बॉक्स उचलला तर खाली काळ्या मिरीच्या भरडीसारखा थर, तीच विष्ठा. ताईंनी तो थर फोनमध्ये दाखवला तेव्हा आजी पहिल्यांदा गप्प बसल्या.

तिसरं काम जेल. दुकानात झुरळांचं जेल म्हणून सिरिंजमध्ये मिळतं, लेबलवर फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असं नाव दिसेल. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके द्यायचे, मोठा गोळा नको, आणि ट्रॅपने दाखवलं तिथेच द्यायचे म्हणजे फ्रिजच्या मागच्या कडा, सिंकखालचा कोपरा, कपाटाच्या बिजागऱ्या, टीव्हीच्या फळीची मागची फट. पोराचा हात पोचेल तिथे नाही, भांडी किंवा अन्न ठेवतो तिथे नाही, आणि जे पुसलं जाणार तिथे पण नाही. झुरळ ते खातं, फटीत जाऊन मरतं, बाकीची त्याची विष्ठा आणि मढं खातात ती पण मरतात, म्हणून हे स्प्रेपेक्षा खोलवर जातं. फक्त एक पथ्य, जेल लावल्यावर त्या जागी स्प्रे किंवा फिनाईल मारायचं नाही, वास आला की झुरळ जेलला तोंड लावत नाही आणि मग लोक म्हणतात जेल डुप्लिकेट होतं. ठिपका सुकला किंवा संपला की नवीन द्यायचा, आणि नव्या अंड्यांची पिल्लं येतच राहणार म्हणून दोन-तीन महिने ट्रॅप बघत चालू ठेवायचं. न्यू ऑर्लिन्समध्ये दमेकरी मुलांच्या घरी फक्त असं जेलच लावून वर्षभर बघितलं होतं, २०१७ ला ते प्रसिद्ध झालं, आणि जेलच्या घरांतल्या मुलांना त्रासाचे दिवस कमी आले. म्हणून मी पैसे कमी असतील तर आधी जेल आणि ट्रॅप घ्या सांगते, बाकी नंतर.

जेल काम करत असताना पाणी तोडायचं. झुरळ खाण्याशिवाय बरेच दिवस काढतं पण पाण्याशिवाय त्याचं फार दिवस भागत नाही. खान्देशातल्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा म्हणणं म्हणजे मस्करीच, तसं मी सांगत नाही. कूलर चालू ठेवा, पण दिवसा जेव्हा बंद असतो तेव्हा टाकी रिकामी करून पुसा आणि गळका पाइप बदला. सिंक रात्री कोरडं, फ्रिजखालच्या ट्रेमधलं पाणी फेकलेलं, खरकटी भांडी भिजत नाहीत. जेवण गादीवर नाही. किराण्याची जुनी खोकी घरातून बाहेर, पुठ्ठ्याच्या पन्हाळीत झुरळं मजेत राहतात.

आणि साफसफाई ट्रॅप रिकामे यायला लागल्यावर जोरात करायची, आधी नाही, नाहीतर पुसायचं आणि परत घाण व्हायचं. झाडूऐवजी साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं, फळी मागून पुढून पुसायची, फ्रिज ओढून मागची भिंत पुसायची. करणाऱ्याने तोंडाला मास्क लावायचा आणि पोराला तेवढा वेळ शेजारी पाठवायचं. चादरी-उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, गादीला चेनवालं कव्हर. आजींचा भर गादी उन्हात टाकण्यावर होता. टाका, ओलावा जातो, पण हे प्रोटीन उन्हाने जात नाही, ते धुऊन किंवा पुसूनच काढावं लागतं. कॉइल आणि अगरबत्ती झोपायच्या खोलीतून बाहेर, तो धूर आजींनी महिनाभराने कुरकुरत का होईना बंद केला.

पंपाचं सांगते. यांनी पोराचा रोजचा पंप मधे स्वतःच थांबवला होता, "सवय लागते" म्हणून. सवय लागत नाही. रोजचा पंप श्वासनळीची सूज कमी ठेवायला असतो आणि दुसरा दम लागल्यावर नळी उघडायला, दोन्ही स्पेसर म्हणजे पंपाला जोडायचं प्लॅस्टिकचं नळकांडं लावून द्यायचे आणि रोजच्या पंपानंतर चूळ भरायची. घर साफ होतंय म्हणून पंप बंद करायचा नाही, कारण झुरळं कमी झाली तरी साठलेलं प्रोटीन उतरायला महिने जातात. आयुष्यभर लागेल का हे आत्ता कोणी सांगू शकत नाही, त्रास ताब्यात राहिला की डोस कमी करतात, पण ते डॉक्टर ठरवतात. दम लागल्यावरचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, पोराला एक वाक्य धड बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील तर तो पंप देत देतच थेट दवाखाना.

यांच्या घरी पोळ्यापर्यंत ट्रॅप जवळजवळ रिकामे यायला लागले होते पण रात्रीचा खोकला चालूच होता आणि ताईंचा धीर सुटला, "एवढं करून काय फायदा झाला?" तेव्हाच मोठी साफसफाई केली, गादीचं कव्हर घातलं. दिवाळीनंतर रात्रीचं उठणं तुरळक झालं आणि डॉक्टरांनी पुढे डोस एक पायरी खाली आणला. मधे एकदा सिंकखालच्या कार्डावर परत पिल्लं दिसली, ती शेजारच्या खोलीतून सामाईक पाइपच्या भोकातून येत होती. शेजाऱ्यांना पण जेल दिलं, भोक सिमेंटने बुजवलं. चाळीत, क्वार्टरमध्ये, एका भिंतीच्या घरात हे होणारच, म्हणून दर महिन्याला दोन कार्डं लावून बघायची, एक फ्रिजमागे आणि एक पोराच्या उशाकडे. कार्डं सलग कोरी येत असतील आणि पोरगं तरी खोकत असेल तर मग झुरळाच्या मागे लागू नका, डॉक्टरांना विचारून दुसरं काय आहे ते बघा, गादीतले धुळीचे बारीक किडे किंवा भिंतीची बुरशी पण असू शकते, आणि पंपाचं औषध छातीत न जाता तोंडातच राहतंय का, म्हणजे ओढायची पद्धत चुकतेय का, ते पण तिथेच दाखवून घ्या.