दमट रात्रींसाठी गाऊनचं कापड

"ठाण्यात राहते, रात्री फक्त पंखा असतो. कॉटनचे गाऊन घामाने अंगाला चिकटतात. मोडाल घेऊ, सॅटिन घेऊ की पॉलिएस्टर? धुवायला सोपं काय?"

कॉटनच घ्या, फक्त प्रकार बदला. तुमचे गाऊन बहुधा होजिअरीचे, म्हणजे टी-शर्टच्या कापडाचे असावेत. ते अंगासरशी बसतात, घाम पितात आणि ओलेच राहतात. आपल्याकडच्या दमट हवेत घाम लवकर उडत नाही, त्यामुळे पंख्याचा वारा कापडातून आत शिरायला हवा. त्यासाठी मलमल, व्हॉइल किंवा पातळ केंब्रिकचा घेरदार गाऊन बघा. दुकानात कापड उजेडासमोर धरा. दोऱ्यांमधून उजेड दिसला तर वाराही जाईल. पारदर्शक वाटलं तर गडद, छोट्या छपाईचा घ्या.

कॉटन पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतं. चार टक्के आटलं, तरी ५० इंची गाऊन दोन इंचांनी आखूड होतो, म्हणून थोडा लांबच घ्या. गडद रंगाचा पहिल्यांदा वेगळा धुवा.

मोडाल हे बीच झाडाच्या लगद्यापासून करतात. ते कॉटनपेक्षाही जास्त ओल शोषतं आणि हाताला फार मऊ लागतं. पण बहुतेक मोडाल गाऊन होजिअरीचेच असतात, त्यामुळे चिकटण्याची तुमची तक्रार तशीच राहील. एसीच्या खोलीत मात्र मी तेच घालते. ओलं झालं की ते जड आणि नाजूक होतं. खांद्यांनी टांगलं तर लांबतं, म्हणून दोरीवर मधोमध दुमडून वाळत घाला. थंड पाणी वापरा, उलटं करून जाळीच्या पिशवीत धुवा, नाहीतर गोळे येतात. पावसाळ्यात वाळायलाही वेळ लागतो.

सॅटिन हा विणीचा प्रकार आहे, धाग्याचा नाही. दुकानातलं स्वस्त, चकचकीत सॅटिन जवळजवळ नेहमी पॉलिएस्टरच असतं, तेव्हा लेबल वाचा. स्पर्श आधी गार लागतो, पण पॉलिएस्टर ओल शोषतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे घाम पाठीवर तसाच राहतो. शिवाय हुक, अंगठी, टाचेची भेग, कशातही धागा अडकतो. घ्यायचंच असेल तर कॉटन सॅटिन घ्या, तेही उन्हाळ्यासाठी नको. वीण घट्ट असते.

साधं पॉलिएस्टर लवकर वाळतं हे खरं, आणि इस्त्रीही लागत नाही. पण अंगाचं तेल त्याला धरून बसतं, म्हणून धुतलेल्या गाऊनलाही अंगावर घातला की काखेत वास येतो. धुण्याआधी साबणाच्या कोमट पाण्यात तासभर भिजवलं तर कमी होतो. फॅब्रिक कंडिशनर टाकू नका. त्याचा थर बसून वास आणखी धरला जातो. कॉटनलाही तो नकोच, पाणी शोषणं कमी होतं.

लेबल नसेल तर शिवणीच्या आतला एक दोरा काढून सिंकवर, चिमट्यात धरून जाळा. कॉटनची कागदासारखी राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गुठळी होते.