आय-२० हाती आला, तरी ॲक्रेडिटेशन वेगळे तपासा

प्रश्न : माझ्या पुतण्याला कॅलिफोर्नियातील एका लहान विद्यापीठातून एमएससाठी प्रवेश आणि विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद मिळाला आहे. संकेतस्थळावर ‘पूर्णतः ॲक्रेडिटेड’ असे लिहिले आहे. पैसे भरण्याआधी खात्री कशी करावी?

उत्तर : आय-२० वरून एवढेच कळते की परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी त्या संस्थेला अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याकडून मिळाली आहे. पदवीच्या दर्जाची तपासणी हे त्या खात्याचे काम नाही. ती दर्जाची मान्यता, म्हणजेच ॲक्रेडिटेशन, देणाऱ्या स्वतंत्र संस्था करतात आणि त्यांपैकी कोणत्या ग्राह्य धरायच्या, हे तेथील शिक्षण खाते ठरवते.

हा फरक लक्षात न आल्याने आपल्याकडच्या शेकडो मुलांचे नुकसान झाले. प्लेझन्टन येथील ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीला ॲक्रेडिटेशन नव्हते. अशी संस्थाही आय-२० देऊ शकते, पण तिथे पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट ॲक्रेडिटेड संस्था स्वीकारतात असा पुरावा तिला द्यावा लागतो, आणि ट्राय-व्हॅलीने तो खोट्या पत्रांनी दिला. निम्म्याहून अधिक विद्यार्थी सनीव्हेलमधील एकाच सदनिकेत राहतात, असे तिच्या नोंदींत दाखवलेले होते. जानेवारी २०११ मध्ये छापा पडला तेव्हा विद्यार्थ्यांचे व्हिसा धोक्यात आले आणि काहींच्या पायांना पाळतीची यंत्रे बांधली गेली. संस्थाचालिकेला २०१४ मध्ये १६ वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला. त्या मुलांच्या हातीही खरा आय-२० होता, हे मला आजही अस्वस्थ करते.

म्हणून प्रथम ॲक्रेडिटेशन देणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव शोधा. बनावट विद्यापीठे चालवणारे लोक स्वतःच्या सोयीची ॲक्रेडिटेशन संस्थाही उभी करतात आणि तिचे नाव खऱ्या संस्थेच्या नावाशी जुळते ठेवतात. त्यामुळे विद्यापीठाने दिलेल्या दुव्यावर न जाता ope.ed.gov/dapip हा पत्ता स्वतः टाइप करावा. ही शिक्षण खात्याची यादी आहे. तिच्यात विद्यापीठाचे नाव आणि आय-२० वरील पत्ता दोन्ही जुळतात का, हे पाहावे. ‘अर्ज केला आहे’ किंवा ‘उमेदवार’ अशी स्थिती असेल, तर ॲक्रेडिटेशन अजून मिळालेले नाही असेच समजावे. संकेतस्थळाच्या नावाला .edu जोडलेले असणे हा पुरावा नव्हे, कारण २००१ मध्ये नियम कडक होण्यापूर्वी ते घेतलेल्यांकडे ते तसेच राहिले.

या तपासणीलाही मर्यादा आहे. मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ सरकारी यंत्रणेनेच सापळा म्हणून काढले होते आणि एका खऱ्या ॲक्रेडिटेशन संस्थेच्या यादीत त्याचे नाव होते. तिथे ना वर्ग होते ना शिक्षक. २०१९ मध्ये ते उघड झाले. म्हणून यादीत नाव सापडले, तरी पहिल्या सत्राचे वेळापत्रक, शिकवणाऱ्यांची नावे आणि वर्ग प्रत्यक्ष कोणत्या इमारतीत भरतात, हे लेखी मागवा. प्रवेश मिळाल्यापासून नोकरी करता येईल आणि हजेरीची सक्ती नाही, असे उत्तर आले, तर पैसे भरू नका.